सांधलेला तुकडा

मुधोळच्या बाजारात डोमाजी खाटकासमोर उत्तमरावचं नाव काढायचं नाही, हे शहाण्याला सांगावं लागत नसे. तरी एखादं गिऱ्हाईक बोलून जायचंच, की उत्तमरावकडं मटण कसं थंड पेटीत असतं, कसं साफ असतं. मग डोमाजीचा सुरा ठोकळ्यावर असा आपटायचा की त्या माणसाच्या पिशवीत हाडंच जास्त पडायची. घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं काय ते समजून घ्यावं.

उत्तमराव परका असता तर एवढं जळलं नसतं. पण तो डोमाजीचा साडू. डोमाजीची बायको आशाबाई आणि उत्तमरावची शकुबाई, दोघी पाठच्या बहिणी. आठ वर्षं दुबईच्या एका मोठ्या हॉटेलात, मटण कापायच्या खोलीत उत्तमराव राबला आणि शहाण्णव साली परत येऊन त्यानं दुकान टाकलं. कुठं टाकावं? डोमाजीच्या दुकानापासून पन्नास पावलांवर! पांढऱ्या फरश्या, काचेची पेटी, मागं हा एवढा फ्रीज. डोमाजीकडं काय, तर बाभळीचा ठोकळा, बापाचा सुरा आणि माश्या.

बरं, माणूस वाईट असता तरी चाललं असतं. तोही नाही. रस्त्यात भेटला की आधी वाकून, "साडूभाऊ, तब्येत?" मुधोळच्या खाटकांत तुमच्यासारखा हात नाही, असं चार लोकांत सांगणार. डोमाजीला वाटे, ह्यापेक्षा यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर आपल्याला चार देता आल्या असत्या.

आता मुख्य गोष्ट. यांच्या समाजात सोयरीक पक्की करायची एक रीत आहे. मुलीच्या बापानं बोकडाच्या रानातून, म्हणजे मागच्या मांडीतून, एकच बिनहाडाचा तुकडा स्वतःच्या हातानं काढायचा. तो शिजवून मुलाच्या बापाच्या ताटात वाढायचा. मुलाचा बाप तो दोन बोटांनी फोडतो, अर्धा मुलीच्या बापाला परत देतो, दोघं खातात आणि सोयरीक पक्की. तोवर कितीही गोड बोला, काही खरं नाही.

दिवाळीनंतर उत्तमरावच्या लेकीसाठी, गोदासाठी, भैंशाचे मारोतराव आले. भैंशाच्या बाजारात त्यांच्या घराण्याची दुकानं, पोरगा एकुलता एक, निर्व्यसनी. साडू म्हणून डोमाजीही पंगतीला होता. उत्तमरावनं मारोतरावांच्या ताटात तुकडा ठेवला आणि सगळ्यांचे घास थांबले. बशीएवढा गोल, दोन बोटं जाड, कुठं चरबी नाही की शीर नाही. डोमाजीनं तीस वर्षं बोकडं कापली होती, असा तुकडा त्याच्या सुऱ्याखाली कधी आला नव्हता.

"असा तुकडा आपल्या मुलखात मी नाई पाह्यला," मारोतराव म्हणाले. एक घास खाल्ला आणि उरलेला पानात बांधून मागितला, घरी दाखवायला. अर्धा परत द्यायचंही राहून गेलं. माणूस किती भुलला पहा, असं लोक आठवडाभर बोलत होते. डोमाजीला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

पंधरा दिवसांनी मारोतरावांचा निरोप आला, मुला-मुलीच्या वयाचा मेळ बसत नाही, माफी असावी. महिन्याभरानं त्यांचाच माणूस डोमाजीच्या दारात. तुमच्या फुलासाठी येऊ का?

गोदा आणि फुला दोन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेल्या. एकीचं वय जमत नाही आणि दुसरीचं जमतं, हे कसं? सरळ डोक्याच्या माणसानं एवढं तरी विचारलं असतं. पण डोमाजीच्या डोक्यात सगळ्या वाटा उत्तमरावच्या दुकानाकडंच जात.

"मले समजत नाई का? त्यानंच नाकारलं असंल यायले," तो आशाबाईला म्हणाला. "दुबईवाल्याले भैंशाचा जावई कसा पुरंल? त्याचं उष्टं ताट माह्यापुढं आलं."

"अवो, असं काऊन बोलता? शकू तं दोन दिवस रडून राह्यली होती."

"रडंल नाई तं काय, दाखवाले."

"तुमचं काई खरं नाई," आशाबाई म्हणाली. "पोरीचं भलं होऊन राह्यलं तं ते पहा. सोन्यासारखं घर हाये."

घर सोन्यासारखं होतं हे डोमाजीलाही कळत होतं. फुला ही त्याची एकुलती लेक. बाजारच्या दिवशी तिच्या हातचा चहा आल्याशिवाय तो सुरा हातात धरत नसे. ही सोयरीक हातची जाऊ द्यायची नाही, एवढं पक्कं. पण मारोतराव येणार, जेवायला बसणार, ताटात पाहणार आणि मनात म्हणणार, त्या उत्तमरावचा तुकडा केवढा होता! हा विचार आला की डोमाजी सुरा ठोकळ्यावर आपटे.

पाहुणे यायला आठ दिवस राहिले असताना शकुबाईनं बहिणीकडं मटण पाठवलं. डबा उघडला तर तोच तसला तुकडा, कच्चा. आशाबाई तो चुलीवर टाकणार, तेवढ्यात डोमाजीनं हिसकावला आणि अंगणात उन्हाला धरला.

पहिल्यांदा त्याला आकार खटकला. बोकडाची मांडी वर जाड, खाली निमुळती. तिचा तुकडा कसाही काढा, एका अंगाला उतरतोच. हा मात्र चहूकडून सारखा गोल, डब्यात दाबून काढल्यासारखा. मग त्यानं रेषा पाहिल्या. मांसाला लाकडासारख्या रेषा असतात, एका स्नायूच्या एका दिशेनं जाणाऱ्या. दोन स्नायू भेटतात तिथं पांढरा पडदा असतो, थोडी चरबी असते. इथं एका बाजूला रेषा आडव्या, शेजारी उभ्या, खाली तिरप्या, आणि मध्ये पडदा नाही, नुसती केसासारखी फिकट ओळ. रंगही ठिगळाठिगळाचा. गडद होतं ते मानेचं मांस, हे त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं.

त्यानं पातळ काप काढला आणि दोन्ही हातांनी हळूच ताणला. अस्सल मांस रेषेरेषेनं उसवतं. हा काप त्या फिकट ओळीवरच उघडला, सरळ, आणि आतली दोन्ही तोंडं गुळगुळीत निघाली.

"अगं ए आशे! हा एक तुकडाच नोहे!" डोमाजी अंगणात नाचायचाच बाकी होता. "छाट हाये, छाट! मानेचं, बरगडीचं, जे मी खिम्यात घालतो ते. कायनं तरी चिकटवलं लेकानं!"

तसाच तो बंडी न बदलता उत्तमरावच्या दुकानात गेला. वाटलं होतं, चोर पकडला की तोंड पडेल, हातापाया पडेल. उत्तमराव मनापासून हसला.

"मले माहीत होतं, मुधोळात कोणी वळखलं तं तुमीच वळखान. या, दाखवतो."

आणि त्यानं खरंच दाखवलं. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून घट्ट बांधलेली चांदीच्या रंगाची पुडी काढली. आत पिठासारखी पांढरी पूड. दुबईच्या हॉटेलात जपानातून यायची. आता एक जुना सोबती आला की घेऊन येतो.

"डिंक नाई हा, साडूभाऊ. दुधाले विरजण लावतो ना, तशा जातीची चीज हाये. मांसाचा कण मांसाच्या कणाले बांधते. किलोभर मटणाले दहा ग्राम बस झाली. पयले पडदा, चरबी सारी काढायची, तिथं ते धरत नाई. मटण थंडगार पायजे. पूड भुरभुरायची, चोळायची, अन् लगेच प्लास्टिकच्या पन्नीत घट्ट गुंडाळायचं, आत हवा राहू द्यायची नाई. रातभर थंडीत ठेवलं की एकजीव. मंग शिजवा, तळा, सुटत नाई."

"अन् पूड कालवून ठेवली तं?"

"अर्ध्या घंट्यात आपआपलीच बांधून बसते, मंग मटणाले धरत नाई. अन् एक ध्यानात ठेवा. अशा तुकड्याले आतपर्यंत शिजवा लागते. आख्ख्या मटणाची घाण वरच असते, आचेनं मरते. यात वरचं आत गेलेलं असते. तिकडं कोणी अर्धकच्चं मागितलं तं आमी हा देतच नवतो."

"अन् लोकाले सांगत होते, का जोड हाये म्हणून?"

उत्तमरावनं फ्रीजचं दार लावलं. "तिकडं कागदावर लिहून राहे. इथं कोणी इचारत नाई." मग पुडी पुढं केली. "पायजे तं घेऊन जा. फुलाचे पावणे येऊन राह्यले ना?"

घ्या! आता हा दान द्यायला लागला. डोमाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आपल्याले असली कला नाई पायजे," तो म्हणाला. "आपण जे हाये ते कापतो."

पण तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं, उत्तमराव पुढं गेला, आणि जे हाये ते कापणाऱ्या डोमाजीनं इकडं तिकडं पाहून दोन चमचे पूड कागदात बांधून बंडीच्या खिशात टाकली. जे मागितल्याशिवाय मिळत होतं, ते त्यानं चोरलं. मत्सराची तऱ्हाच उफराटी असते, बाबा.

घरी येऊन पूड त्यानं एका बाटलीत बुच लावून बर्फाच्या पेटीत ठेवली. आदल्या दिवशी बोकड कापला. एक रान तसंच टांगून ठेवलं, रस्सा करायला लागलं तर असावं म्हणून. दुसऱ्या रानाचं आणि पुढच्या फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, मांस सोडवलं. एकेक पडदा नखानं ओढून काढला. उत्तमराव तुकडे कसेही रचत होता, म्हणून तर रेषा तीन दिशांना गेल्या. डोमाजीनं तसं केलं नाही. प्रत्येक पट्टी उन्हाला धरून पाहिली आणि सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेनं लावल्या. जागा भरेना तिथं मानेची एक पट्टी घातली, तीही अगदी मधोमध. पूड भुरभुरली, चोळली, पन्नीत गुंडाळून सुतळीनं आवळली आणि भैंशाहून आणलेल्या बर्फात दाबून ठेवली.

सकाळी पन्नी सोडून त्यानं तुकडा उन्हाला धरला. उत्तमरावच्या तुकड्याहून चार बोटं मोठा, आणि सांधा शोधून सापडत नव्हता. त्याला खरोखर आनंद झाला, आणि पाठोपाठ वाईट वाटलं, की हे उत्तमरावला दाखवता येत नाही.

आशाबाईनं तुकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अवो, हे काय करून राह्यले? टांगलेलं रान हाये ना, त्यातला काढा की!"

"त्यातला निघंल तळहाताएवढा. हसतीन लोक."

"हसू द्या नं."

"तू चूप राय. नीट शिजव, आतपर्यंत."

दुपारी मारोतराव आले, सोबत त्यांचा धाकटा भाऊ. मारोतराव म्हणजे साठीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. साडू म्हणून उत्तमरावला बोलावणं भाग होतं, तोही आला. शकुबाई आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. ओसरीत हे चौघंच बसले. फुलानं पाणी दिलं, मारोतरावांनी तिला नाव विचारलं आणि तिच्याकडं पाहून चक्क हसले. डोमाजीचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं स्वतःच्या हातानं तुकडा आणून ताटात ठेवला आणि पहिली नजर टाकली ती उत्तमरावकडं.

उत्तमरावनं तुकडा पाहिला, मग डोमाजीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं.

मारोतराव तुकड्याकडं पाहत राहिले. बोटानं उलटवला. मांडीचं मांस शिजताना आकसतं, एका अंगाला वळतं. हा थाळीसारखा सपाटच होता. त्यांनी दोन बोटांनी तो फोडला. आधी रेषा निघाल्या, लांब, छान. मग मधोमध बोट अडलं, जरा दाबलं, आणि तुकडा सुरीनं कापावा तसा सपाट तोंडानं दुभंगला. एका अंगाला मांस फिकं, दुसऱ्या अंगाला गडद.

"हे मानेचं हाये," मारोतराव हळूच म्हणाले. ताट त्यांनी पुढं सरकवलं.



"मी पन्नास वर्षं हेच काम करून राह्यलो," मारोतराव म्हणाले. आवाज आत बायकांना जाऊ नये एवढा लहान. "उत्तमराव, तुमी हाये म्हणून सांगतो, राग नका मानू. तुमच्या घरचा तुकडा मी घरी नेला तो दाखवाले नाई, उन्हात पाहाले नेला. जोड होता. जोड खाल्ल्यानं कोणी मरत नाई. पण जो बाप छाट सांधून रान म्हणून वाढतो, त्याच्या घरी मी पोराचं कसं जमवू? म्हणून वयाचा बहाणा केला. मंग मी इचारलं, मुधोळात सरळ हाताचा माणूस कोण? साऱ्याईनं डोमाजीचं नाव सांगितलं."

गोदाची सोयरीक कशानं मोडली हे उत्तमरावला त्या क्षणी कळलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. डोमाजी त्या चेहऱ्याकडं बघत होता आणि त्याचं स्वतःचं घर बुडत होतं.

मारोतराव उठायला लागले. तेवढ्यात उत्तमराव बोलला.

"बसा. तो तुकडा डोमाजीचा नोहे. माहा हाये. मीच करून आणला अन् यायनं काढलेल्याच्या जागी आशाबाईच्या हाती देला. यायले काईच माहीत नाई. पूड माही, हात माहा. पोरीवर राग नका काढू."

मारोतरावांनी त्याच्याकडं पाहिलं. मग उठणं सोडून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस दिलाचा हाये," ते भावाला म्हणाले. आशाबाई दारात रश्श्याचं भांडं घेऊन उभी होती. शेवटचे शब्द तिनं ऐकले असावेत, कारण ती उत्तमरावकडं अशी बघत होती, जसं तिनं उभ्या जन्मात डोमाजीकडं पाहिलं नव्हतं.

झालं! एवढं पुरे झालं. डोमाजीनं फक्त गप्प बसायचं होतं. लेकीचं घर वाचलं होतं, अब्रू वाचली होती. पण हा माणूस स्वतःचं नाव घालवून माझी लेक वाचवणार, आणि सगळे ह्याच्याच खांद्यावर हात ठेवणार? आणि तुकडा, ज्याच्या रेषा मी जुळवल्या, तोही ह्याच्याच नावावर?

"खोटं हाये!" डोमाजी ओरडला. "त्याच्यानं जमलाच नसता असा! मी केला. पूडही चोरून आणली, त्याच्याच दुकानातून. हा देत होता तरी चोरली."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. आत फुलाच्या हातून काहीतरी पडलं. आशाबाईनं भांडं खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.

मारोतरावांनी विचारलं, "चोरून काऊन आणली?"

"जळतो मी याच्यावर," डोमाजी म्हणाला. "हा आला तवापासून जळून राह्यलो. याच्या तुकड्याहून मोठा पायजे होता मले. बस. पोरीचा काई कसूर नाई, मारोतराव. तिची माय नोको म्हणत होती, तिचं बी नाई ऐकलं."

मारोतराव बसले. दाढीवरून हात फिरवला. "आपली चोरी आपल्या तोंडानं सांगणारा मी पयला पाह्यला," ते भावाला म्हणाले. मग डोमाजीकडं वळले. "घरात रान हाये का आख्खं?"

"हाये. टांगलेलं."

"आणा. माह्यासमोर काढा."

डोमाजीनं रान आणलं. पडद्याच्या कडेनं सुरा गेला, स्नायू सुटा झाला, तुकडा निघाला. तळहाताएवढाच, एका अंगाला निमुळता. मारोतरावांनी तो उचलून उन्हाला धरला, रेषा पाहिल्या, कडेची पांढरी शीर पाहिली आणि आशाबाईकडं दिला. "शिजवा, बाई. आमाले घाई नाई."

तुकडा शिजायला तासभर लागला. तासाभरानं मारोतरावांनी तो फोडला आणि अर्धा डोमाजीच्या ताटात ठेवला. दोघांनी खाल्ला. सोयरीक पक्की झाली. आत बायका रडल्या-हसल्या.

उत्तमराव ओसरीत नव्हता. डोमाजी परसात गेला तर तो हौदाच्या कठड्यावर बसलेला, न जेवता. डोमाजीला दोन वर्षं हेच पाहायचं होतं, उत्तमरावची मान खाली गेलेली. पाहिलं, आणि घशाखाली गेलेला तो अर्धा तुकडा वर येतो की काय असं झालं.

"साडूभाऊ," उत्तमराव म्हणाला, "घरी काय सांगू? शकू रोज इचारते, पोरीत काय खोट निघाली. गोदा आरशात पाहून राह्यते घंटाघंटा. तुह्या बापाच्या कामानं गेलं, असं कसं सांगू तिले?"

डोमाजी त्याच्याशेजारी बसला. इतक्या जवळ तो त्याच्याजवळ कधी बसला नव्हता.

"माहं नाव सांग," तो शेवटी म्हणाला. "सांग, डोमाजीनं भैंशाले जाऊन चुगली केली. तुहं मोडलं अन् आपल्या पोरीचं जमवलं. आशीले मी समजावतो, ती नाई बोलणार. मारोतराव बी नाई."

"असं कसं? शकू जलमभर तुमचं तोंड नाई पाहणार. अन् लोक काय मानतीन?"

"मानतीन," डोमाजी म्हणाला. "माह्याबद्दल सारे मानतीन."

उत्तमरावनं त्याच्याकडं पाहिलं. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण मग उठून घरी गेला आणि शकुबाईला तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट बाजारभर झाली, आणि मुधोळात एकानंही विचारलं नाही की खरं का खोटं.